टीव्हीनं विचारलं, घर कुठलं?

ठाण्याच्या थोरल्या मामेभावानं घरच्या ग्रुपवर पासवर्ड टाकला, तेव्हा मी डेहराडूनला हॉस्टेलच्या मेसमध्ये कणीक मळत होतो. हात पिठाचे, म्हणून कोपरानं फोन सरकवून वाचलं. त्यानं सिनेमा-सिरियलींच्या एका अ‍ॅपचा मोठा फॅमिली प्लॅन घेतला होता. त्यात पाच प्रोफाइल होती आणि एका वेळी चार ठिकाणी चालणार होतं. खाली त्यानं वाटणीच करून टाकली होती. एक मामा-मामीचं, एक धाकट्या मामेभावाचं, एक त्याचं आणि वहिनीचं, एक त्याच्या मुलांचं. पाचव्यावर लिहिलं होतं, मांगर.

मांगर म्हणजे आम्ही. मी आणि आई.

देवबागला मामाच्या घराच्या मागे माडांत मांगर आहे. आमच्याकडे मांगर म्हणजे घरामागची खोपी. पूर्वी तिथे जाळी, नारळाची सोडणं, लाकूडफाटा ठेवायचे. वडील गेले त्या वर्षी मामानं तो मोकळा केला, खाली चोपून-सारवून जमीन करून दिली आणि आम्हाला बोलावलं. मी तेव्हा सहावीत होतो. नववीत शाळा सुटली, तेव्हाही मामाच म्हणाला, शाळा सुटली म्हणून जेवण सुटत नाय, ये कामाला. पुढे धाकट्यानं घराच्या तीन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. आई त्यांचा स्वयंपाक करायची, मी हाताशी. तिथे उतरलेल्या एका गृहस्थांना माझ्या हातचं माशांचं तिखलं इतकं आवडलं की त्यांनी मला त्यांच्या हॉस्टेलवर नोकरी दिली. म्हणून मी इतक्या लांब आहे. हे सगळं मामामुळे. त्याच्याविषयी काही वाकडं लिहिताना मला आजही भीती वाटते. पण जे झालं ते झालं.

तर ग्रुपवर मांगर हे नाव दिसताच धाकट्यानं हसण्याची चित्रं टाकली. मामीनं बोलून पाठवलं, "दोघांका एक पुरां. ताट एक, तर टीव्ही कित्याक दोन?" मी हात जोडल्याचं चित्र टाकलं. खरंच आनंद झाला होता.

पाहुण्यांच्या खोलीतला जुना टीव्ही आईला मिळाला होता. एका कोपऱ्यात पडद्यावर हिरवा डाग होता, बाकी बरा. आईनं एक परदेशी मालिका धरली, हिंदीत आवाज घातलेली. एक सासू असते, मोठं हॉटेल असतं, सून त्या हॉटेलात भांडी घासता घासता मालकीण व्हायला बघते, असं काहीतरी. आई दुपारी पाहुण्यांची जेवणं उरकून मांगरात आली की लावायची. मी माझ्या फोनवर तेच प्रोफाइल उघडायचो. तिनं कुठवर पाहिलं ते मला दिसायचं. चित्राखाली लाल रेघ असते, ती तिनं जिथे थांबवलं तिथवर येते.

पहिल्या आठवड्यात माझ्याकडून एक घोळ झाला. तिनं निम्मा भाग पाहिला होता, मी तिथून पुढे लावून संपवला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "रे, माझी सून खंय गेली? काल कपबशी फुटलली, आज एकदम लगीन!" मग आम्ही ठरवलं की मी तिच्या पुढे जायचं नाही. ती थांबली तिथे मी थांबायचं.

त्या रेघेचा मला असा सराव झाला की विचारायची सोय नाही. आई फोनवर बोलत नाही. म्हणजे बोलते, पण 'बरी आसंय' याच्यापलीकडे नाही. आजारी असली तरी बरी आसंय, मामी काही बोलली असली तरी बरी आसंय. रेघ मात्र खोटं बोलत नव्हती. पूर्ण भाग झाला म्हणजे दुपार निवांत गेली. चार मिनिटांत थांबली म्हणजे मामीनं हाक मारली. दोन दिवस रेघ हलली नाही, तेव्हा मी शेजारच्या घरी फोन केला. आईला ताप होता. मी लांबून दुसरं काय करू शकत होतो? माझ्यासाठी ते प्रोफाइल म्हणजे आईची खुशाली होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर हसले असते.

मग कंपनीनं नियम कडक केले. प्लॅन एका घरासाठी आहे, म्हणे. थोरल्यानं आधी ठाण्याच्या टीव्हीवर लावलं होतं, त्यामुळे ठाणं हे घर झालं आणि देवबागचे टीव्ही बाहेरचे. देवबागला टीव्ही लावला की दर थोड्या दिवसांनी पडद्यावर पाटी यायची, हा टीव्ही तुमच्या घरातला नाही. पुढे जायचं तर कोड मागायचा. तो कोड थोरल्याच्या फोनवर जायचा आणि पंधरा मिनिटांत मरायचा. मामी त्याला ऑफिसात फोन लावायची. तो मीटिंगमध्ये. त्यानं कोड पाठवेपर्यंत आमच्या देवबागची रेंज गेलेली. रेंज आली की कोड मेलेला.

"आवशीक कोड देवक तुका टायम नाय," मामी त्याला म्हणायची, "आणि बायलेक दिसभर मेसेज धाडतंस!"

शिवाय दुसरं एक दुखणं होतं. हंगामात ठाण्याला मुलं कार्टून लावायला गेली की पाटी यायची, एका वेळी जास्त ठिकाणी चालू आहे, कुणाला तरी बंद करायला सांगा. मामीनं निकाल देऊन टाकला. मांगरात चालू असतं. "वन्सं दिसभर त्या सासवेच्या तोंडाकडे बघत बसतत. हयसर कामां कोण करतलो?" आईनं चार दिवस टीव्ही लावला नाही. पाटी येतच राहिली.

त्या वर्षी चतुर्थीला मला रजा मिळाली. दोन वर्षांनी गावी आलो. थोरलाही ठाण्याहून सगळ्यांना घेऊन आला होता. दुसऱ्या दिवशी दुपारची आरती झाली, वाडीतले चारजण प्रसादाला थांबले होते. सगळे लोट्यावर, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, गणपतीसमोर बसलो असताना थोरल्यानं विषय काढला, की आता सगळे आहेत तर या प्लॅनचं काय ते एकदा ठरवून टाकूया. वहिनीनं फोन काढला. वहिनी शिकलेली, ठाण्यात वाढलेली. आमच्याशी ती शुद्ध बोलते, पण मनात काही ठेवत नाही.

"आधी मला सांगा, या यादीत हे तीन टीव्ही कुणाचे?" तिनं विचारलं. अ‍ॅपमध्ये कुठे कुठे चालू होतं त्याची यादी दिसते. त्यात मांगराचा टीव्ही होता, मामाचा होता आणि वर आणखी तीन होते.

धाकटा छताकडे बघायला लागला.

"भावजी, पाहुण्यांच्या खोल्यांत हेच लावून ठेवलंय ना तुम्ही?"

"मग? पाहुणे इचारतत. नाय म्हणू?"

"नाही म्हणा. हा घरचा प्लॅन आहे, धंद्यात वापरायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय. बंद केलं त्यांनी तर सगळ्यांचंच जाईल. आणि पाहुणे परवा तुमच्या बाबांच्या प्रोफाइलवर काय बघून गेलेत, ते बाबांना वर सुचवतंय. ते मी इथे वाचून दाखवत नाही."

मामाचे कान लाल झाले. "मियां काय एक बघूक नाय हां!" तो म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो. मनातून मोकळं वाटत होतं, की आई सुटली. पण मामीनं आईकडे बघून 'चुकलां' वगैरे काही म्हटलं नाही. ती म्हणाली, "वन्सं, तां फुटलला नारळ भितर ने." आई उठून आत गेली.

खोल्यांतले तिन्ही टीव्ही वहिनीनं फोनवरूनच बाहेर काढले आणि पासवर्ड बदलला. पाहुण्यांनी आपापल्या खात्यावर लावावं आणि जाताना काढून जावं, असं ठरलं. चांगला नियम होता.

मग घर कुठलं, हा प्रश्न आला. थोरला म्हणाला, पैसे माझ्या बँकेतून जातात, कोड माझ्या फोनवर येतो, म्हणजे घर ठाणे.

मामानं पानाचा डबा बाजूला ठेवला. "ठाण्यात तुझी खोली आसा. घर म्हणजे जंय गणपती बसता तां."

आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या मुंबईत राहिलेला माणूसही विचारलं की 'घर देवबागेक' असंच सांगतो. थोरल्यानं मान डोलावली. त्यानं हॉलमधल्या टीव्हीचा रिमोट घेतला, सेटिंगमध्ये गेला, हे घर असं नेमलं, खात्री केली. झालं. ठाण्यासाठी वेगळे पैसे भरून बाहेरचा सदस्य म्हणून एक जागा घ्यायची, तिचे पैसे तो भरणार आणि त्याचं प्रोफाइल तिकडे हलवणार. मूळ प्लॅनचे पैसे त्याच्याच बँकेतून आपोआप कापले जातील, त्यातला अर्धा भाग मामा दर चतुर्थीला वर्षाचा एकदम देईल. मुलांचं प्रोफाइल त्यांच्या टॅबसाठी मूळ प्लॅनमध्येच राहील, कुलूप लावून. बाकीच्यांनीही आपापल्या प्रोफाइलला कुलुपाचे आकडे घालावेत. पासवर्ड ग्रुपवर टाकायचा नाही.

सगळं शहाणपणाचं होतं. मी आजही त्यात खोट काढू शकत नाही.

"आणि मांगर?" मी विचारलं. घाबरतच.

वहिनीनं फोनमध्ये बघितलं. "मांगराला याच घराचं वायफाय आहे ना? मग काही प्रश्न नाही. अ‍ॅपच्या हिशोबानं मांगर घरातच आहे. कोडसुद्धा मागणार नाही."

"मांगर घरात?" मामी म्हणाली. "गो, मांगर म्हणजे घर न्हय. मांगर म्हणजे मांगर."

"अहो आई, मी वायफायचं म्हणतेय."

"मी पण वायफायचाच सांगतंय. आमचो वाय आणि आमचोच फाय."

लोट्यावर हशा पिकला. मामी बोलते छान, हे मानावंच लागेल.

मी खिशातून फोन काढला. सगळे देतायत तर आपणही द्यावेत, असं मला वाटत होतं. मला पगार होता. मी म्हणालो, "आमच्या वाट्याचे मी देतंय. दर महिन्याक."

मामी अशी हसली की तिला ठसका लागला. "तू? तुझ्याकडसून पैसे घेतले तर लोकां थुकतली आमच्या तोंडार! लहानाचो मोठो केलो तेचो हिशोब करूक बसलास तर हो टीव्ही काय, ह्यां हॉस्टेल पण इकूचा लागात तुका." मामानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "ऱ्हवांदे रे झिला. तुझे नकोत."

मला इतकं बरं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मी फोन खिशात ठेवला. आमच्या किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढतात तेव्हा दोराला हात लावला त्याला मासळीचा वाटा मिळतो, हात लावला नाही त्याला देतील ते. मला हे लहानपणापासून माहीत होतं. पण त्या दुपारी मला कुणी दोरापासून प्रेमानं बाजूला केलं, तेव्हा मी आभारच मानत होतो.

आता धाकट्यानं तोंड उघडलं. खोल्यांतले टीव्ही गेल्यामुळे तो धुमसत होता. दिवाळीनंतर त्याचं लग्न होतं. "माझ्या बायकोक जागा होयी," तो म्हणाला. "पाच जागे आसत. दादा भायर गेलो, एक सुटली."

"ती माका," मामी म्हणाली. "मी ह्यांच्या जाग्यार बघूचंय नाय. पाहुण्यांनी ती जागा नासयल्यानी."

वहिनीनं बोटं मोजली. मामा, मामी, धाकटा, मुलं. "पाचवं मांगरचं आहे."

"तांच सांगतंय," धाकटा म्हणाला.

"अहो, नवरा-बायकोनं एक घ्या की. बाबा-आई घ्या एक. किंवा आई, तुम्ही आणि आत्या एकत्र घ्या, दोघी दुपारीच बघता."

मामीनं सुनेकडे असं पाहिलं, जणू तिनं काही अभद्रच सुचवलं. "मी? वन्सांवांगडा? उद्या म्हणशीत एका पातळात ऱ्हवा." मग आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आणि फुकट्यांची नजर लागता गो. आपण काय बघतंव तां तेंका कळता."

थोरला तेवढ्यात नारळ हातात घेऊन उभा राहिला. तो लहानपणापासून नकला करायचा. त्यानं उपरणं खांद्यावर टाकलं, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात तेव्हा एकानं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्यावर 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते तोंडात इतकं बसलेलं असतं की ऐकायच्या आधी निघून जातं.

"बा देवा म्हाराजा! आज जो ह्यो गोतावळो तुझ्या पायाकडे जमलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या घराघरात जो टीव्ही चलता, तो असोच चलत ऱ्हवांदे..."

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण पासवर्ड शेजाऱ्याक देयत, तेचो रिमोट माडार चढांदे..."

"व्हय म्हाराजा!"

वाडीतले लोक पोट धरून हसत होते. मीही. गणपतीत दोन वर्षांनी बसलो होतो, आपल्या माणसांत. मोठ्यानं म्हणत होतो.

"दर चतुर्थीक वाटो पावतो करूची सगळ्यांका बुद्धी दी..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि पाचव्या जाग्यार जो कोण फुकटचो बसलो आसा, तेका आपल्या पायान उठान जावची वाट दाखव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझा आवाज सगळ्यांत वर होता. पण माझ्याआधी, अर्ध्या श्वासानं आधी, आतल्या दारातून आईचा आवाज आला होता. ती नारळ खवत होती. तिनंही म्हटलं, व्हय म्हाराजा.

हशा असा झाला की समईची वात हलली. "बघलात?" मामी टाळ्या वाजवत म्हणाली. "तेंणीच सांगल्यानी! आवशीन पण आणि झिलान पण! देवासमोर सांगल्यानी!"

देवासमोर म्हटल्यावर संपलंच. मीही हसत राहिलो. चेहऱ्याचं दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

वहिनीच्या धाकट्या मुलाला तेवढ्यात शी लागली म्हणून ती त्याला घेऊन मागे गेली. थोरल्यानं फोन उघडला, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, तो माझ्यासमोर धरला. "तुझा तूच काढ. नायतर म्हणशीत, दादान काढल्यान."

पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. मला वाचायला वेळ लागतो. हे प्रोफाइल काढलं तर यात पाहिलेलं सगळं कायमचं जाईल, असा अर्थ असावा. खाली दोन चौकोन. मी धाकट्याकडे पाहिलं. "दाब रे. बॉम्ब हा काय?"

मी दाबलं. मांजराचं चित्र होतं मांगरवर, ते गेलं. तिथे धाकट्यानं लगेच होणाऱ्या बायकोचं नाव घातलं आणि गुलाबी चित्र लावलं.

वहिनी परत आली, बघितलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अरे, काढलंत? आधी दुसऱ्या खात्यात हलवता आलं असतं की. जसंच्या तसं गेलं असतं सगळं. आमचं हलवणारच होतो ना? आता नाही येत परत."

"जांवदे," मामी म्हणाली. "सासू थयच ऱ्हवली, पळाक नाय."

संध्याकाळी मांगरात आईला म्हटलं, गेलं आपलं. ती अंथरूण झटकत होती. "बरां झालां. डोळे दुखत," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मामीक काय बोला नको हां. उपकार आसत."

मी डेहराडूनला परतलो. दुपारी मेसची भांडी उतरली की हात फोनकडे जायचा. बघायला काही नव्हतं. आईला फोन केला की ती म्हणायची, बरी आसंय. मामी तिला आता हॉलमध्ये बोलावते म्हणाली, टीव्ही बघायला. हो का, म्हटलं, बरं आहे. शेजारच्यांकडून कळलं की मामी सोफ्यावर बघते आणि आई खाली बसून तिचे पाय चेपते. मालिका मामीच्या आवडीची. आणि दिवाळीनंतर आलेली सून टीव्ही बघतच नाही, तिच्या हातात स्वतःचा फोन असतो. गुलाबी प्रोफाइल तसंच पडून होतं. मी ग्रुपवर विचारायचं धाडस केलं नाही.

त्याऐवजी मी दोन महिने विचार करून स्वतःच्या पैशानं प्लॅन घेतला. लहानसा, पण टीव्हीवर चालणारा, एका वेळी दोन ठिकाणी. आईला फोनवर सांगून मांगराच्या टीव्हीवर लावला. पडद्यावर आकडे आले ते तिनं मला वाचून दाखवले, सहाला नऊ म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून केलं. तिसऱ्या खेपेला लागला. आई म्हणाली, "तीच सासू. जाडी झाली."

त्यात एकच प्रोफाइल केलं. नाव काय द्यायचं ते सुचेना, म्हणून अ‍ॅपनं दिलेलं तसंच ठेवलं.

मामीला चार दिवसांत कळलं. तिचा मला फोन आला. ती माझ्याशी कधी गोड बोलत नाही, त्या दिवशी फार गोड बोलली. "झिला, बरां केलंस. आवशीक स्वतःचा प्लॅन घेतलंस. आमका वाटलला, तुमच्याकडे पैशे नाय म्हणान आमी काय घेईत नव्हतंव. आता इले तुमच्याकडे. मग कसां करूया? मांगराचा भाडां, लायट, वायफाय. तुमच्या त्या दिसाच्या नियमानच करूया. जो भरतलो, तेची जागा. बरोबर मां?"

मी म्हणालो, मामी, मी मामाशी बोलतो.

"मामान काय सांगल्यान नाय. पण मामाक वाईट दिसला हां. म्हणालो, आमचा पुरां पडला नाय तेका."

भाड्याचं काय, ते मी दिलंही असतं. पण मामाला वाईट वाटलं. ज्या माणसानं आम्हाला मोकळा मांगर दिला, त्याला मी टीव्हीसाठी दुखावलं. मी लगेच आईला फोन केला. मामीचं तिला आधीच सगळं बोलून झालं होतं. "काढून टाक," ती म्हणाली. "आजच. आणि मामीक फोन करून सांग, काढलंय म्हणान."

मी काढलं. मामीला फोन केला, माफी मागितली. ती म्हणाली, "अरे, मस्करी केली मेल्या! तू खरां धरलंस?" आणि भाड्याचा विषय पुन्हा काढला नाही. प्लॅनचाही नाही.

पण प्लॅन रद्द केला तरी तो त्या दिवशी बंद होत नाही. ज्या महिन्याचे पैसे भरलेत तो महिना संपेपर्यंत चालतो. मी हे आईला सांगितलं, बघायचं असेल तर बघ. ती म्हणाली, "मामीक वाटात, अजून आसाच. नको."

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दुपारी रेघ हलली. मी मेसच्या मागच्या पायरीवर बसून बघत होतो. थोडी हलली, थांबली, पुन्हा हलली. पूर्ण भाग झाला. त्यानंतर रोज एक.

मी न राहवून विचारलं, मामी काही बोलली नाही ना?

"तिका खंय कळतां? आवाज बंद करून बघतंय."

मी म्हटलं, आवाज बंद करून काय कळतं तुला?

"सगळां कळतां. तोंडा दिसतत मां."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तिनं शेवटचा भाग पाहिला. मीही पाहिला, माझ्या फोनवर, कानात आवाज घालून. त्यात ती सासू हॉटेलच्या पायरीवर सुनेसमोर गुडघ्यावर बसते, तिचे दोन्ही हात धरते आणि रडत रडत तिला सांगते की तू मेलीस तरी तुझं नाव या दारावर लागणार नाही, तू भांडी घासायला आलीस आणि भांडी घासतच जाशील. मग ती उठते आणि सुनेला रात्रीच्या गाडीत बसवून देते. सून खिडकीतून बघते. संपलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. क्वचितच ती आपणहून करते. आवाज मोकळा होता.

"बघलंस काय रे शेवटचा?"

बघितला म्हटलं.

"शेवटी वाकली मां ती सासू! पाय धरल्यान सुनेचे. रडान रडान सांगा होती, माझां चुकलां, ह्यां सगळां तुझांच. आणि गाडी दिल्यान तिका, मोठी. जाता जाता ती सून काय बघा होती रे मागे, जीव तुटा होतो तिचो घराखातर."

मी पायरीवरून उठलो. आत भात उतरायला झाला होता.

"व्हय मां?" तिनं विचारलं.

बरोबर बघितलंस, मी म्हणालो. तसंच होतं.